राणी चार वेळा आली, पण बसली कुठे?

ताई, मी एकतीस वर्षांची, पुण्यात नोकरी करते. दीड वर्षापासून एका माणसाबरोबर आहे. तो बायकोपासून वेगळा राहतो, घटस्फोटाची केस चालू आहे म्हणतो. दिवाळीपासून मी आमच्या नात्यावर अकरा टॅरो रीडिंग केली. सात घरी माझ्याच कॅटवर, तीन-तीन पानांची. उरलेली चार दोन वेगवेगळ्या बाईंकडे, दहा पानांच्या केल्टिक क्रॉस मांडणीची. दर वेळी क्वीन ऑफ सोर्ड्स येते! पहिल्या बाईंच्या कॅटमध्ये तर तिच्या हातात कापलेलं मुंडकं होतं. त्या म्हणाल्या, 'मध्ये दुसरी बाई आहे.' दुसऱ्या म्हणाल्या, 'तू स्वतःकडे बघ,' ते मला पटलं नाही. ही राणी त्याची बायको आहे का? का त्याची आई? गेल्या आठवड्यात मी त्याचा फोन चोरून बघितला, त्यात काही सापडलं नाही. घरी मी पानं तीनदा पिसून वरून काढते. वहीच्या पानांचे फोटो सोबत पाठवते आहे. हे नातं सोडू का?

—

वही पाठवलीस हे फार बरं केलंस. बहुतेक जणी 'सारखं सारखं तेच येतं' एवढंच लिहितात आणि मग मला हवेत तलवार फिरवावी लागते. तू तारीख, प्रश्न, जागा, सरळ का उलटं, सगळं टिपलं आहेस. मी चहाचा कप घेऊन बसले आणि अकरा पानं ओळीने वाचली.

पहिली गोष्ट म्हणजे ती दर वेळी आलेली नाही. चार वेळा आली आहे. एकदा पहिल्या बाईंकडे, एकदा दुसऱ्या बाईंकडे आणि दोनदा तुझ्या घरच्या कॅटवर. उरलेल्या सात रीडिंगमध्ये तिचा पत्ता नाही. डिसेंबरात एकदा क्वीन ऑफ वाँड्स आली होती, तिथे तू समासात 'परत राणी!!' लिहिलं आहेस. ती वेगळी बाई आहे. तिच्या हातात काठी आहे, पायाशी काळं मांजर आहे आणि स्वभावाने ती या तलवारवालीच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. पण भीती एकदा बसली की डोळ्यांना राणी तेवढी दिसते, हातात काय आहे ते दिसत नाही.

आता चार वेळा म्हणजे जास्त की कमी? माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्याकडून हिशोब करून घेतला. कॅटमध्ये 78 पानं. तुझी सात रीडिंग तीन-तीनची म्हणजे एकवीस, बाईंकडची चार दहा-दहाची म्हणजे चाळीस. एकूण एकसष्ट पानं उघडली. पानं नीट पिसलेली असली, तर ठरवून धरलेलं एकच पान, समज हीच राणी, अकरांतून चार किंवा जास्त वेळा येण्याची शक्यता हजारात पाचेक. ऐकायला हे भयंकर वाटतं. पण तू दिवाळीला ही राणी ठरवून बसली नव्हतीस. जे पान परत परत आलं असतं त्यालाच तू घाबरली असतीस. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा, की 78 पैकी कुठलं तरी एक पान चार वेळा येईल का? ते शंभरात तीस वेळा होतं. आणि तीन किंवा जास्त वेळा येणारी पानं तर सरासरीने जवळपास तीन निघतात. म्हणजे तुझ्या वहीत आणखी कुणीतरी तीनदा आलेलं सापडायला हवं. मी शोधलं, तर सापडलं. फोर ऑफ पेंटॅकल्स, तीनदा. त्याच्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. डोक्यावर एक नाणं, छातीशी एक, पायांखाली दोन घेऊन घट्ट बसलेला तो माणूस कुणाला घाबरवत नाही, म्हणून तो कुणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरं तुझ्या हातांबद्दल. घरच्या कॅटवर राणी दोनदा आली ती तीन दिवसांच्या अंतराने, 12 आणि 15 जानेवारीला, दोन्ही वेळा मधल्या पानावर. मध्ये दुसरं रीडिंग नाही. तू लिहितेस की तीनदा पिसून वरून काढते. म्हणजे 12 तारखेला उघडलेली तीन पानं तू उचलून कॅटवर ठेवलीस आणि 15 ला आपण रमीला पिसतो तसे हातातल्या हातात गठ्ठे वर-खाली केलेस. या पद्धतीत पानं सुटी होत नाहीत, गठ्ठेच इकडून तिकडे जातात. काल शेजारी असलेली पानं आजही शेजारी राहतात, आणि वरचा गठ्ठा तीनांतून एका फेऱ्यात परत वर आला की झालं. साध्या 52 पानांच्या कॅटचे दोन भाग करून पानं एकमेकांत सोडत पिसलं, तरी नीट मिसळायला सात फेरे लागतात. हे 1992 साली गणितज्ञांनी सिद्ध करून दाखवलं आहे. टॅरोची पानं तर 78, त्यात लांब आणि जाड, तसं पिसायला गेलीस तर कडा मोडतील.

विश्वास बसत नसेल तर आज रात्री करून बघ. राणी स्वतःच्या हाताने कॅटच्या वर ठेव, तुझ्या नेहमीच्या पद्धतीने तीनदा पिस आणि ती वरून कितवी आहे ते मोज. असं दहा वेळा कर, आकडे लिही. पानं खरोखर मिसळत असती तर ती दहा वेळा दहा ठिकाणी गेली असती, कधी साठावी, कधी अकरावी. ती पहिल्या वीसात घुटमळताना दिसली, तर समज की राणी तुझ्या नशिबातून नाही, तुझ्या अंगठ्याखालून येते आहे. कॅट सारखा करून बाजूनेही एकदा पाहा. ज्या पानाकडे आपण फार वेळ बघत बसतो त्याची कड मळते, कोपरा किंचित वाकतो, आणि पानं पसरून निवडताना बोट नेमकं तिथेच अडतं. माझ्या जुन्या कॅटमध्ये लव्हर्सचं पान असंच झालं होतं. सगळ्यांना हवं ते पान म्हणून मीच ते दाखवून दाखवून वाकवलं होतं.

यावर उपाय साधा आहे. जमिनीवर चादर टाक, सगळी पानं पालथी पसर आणि दोन्ही हातांनी गोलगोल कालव, चांगली दोन-तीन मिनिटं. लहानपणी पिसता येत नसलेली पोरं करतात तसंच. दिसायला गावठी आहे, पण घरच्या घरी याहून चांगलं पिसणं नाही. सरळ-उलटंही आपोआप मिसळतं.

तेव्हा जानेवारीतल्या त्या दोन राण्या मी बाजूला काढल्या. त्या खोट्या आहेत असं नाही, पण त्यांची साक्ष कच्ची. उरल्या दोन. दोन वेगळ्या हातांनी, दोन वेगळ्या कॅटमधून, वेगळ्या दिवशी आलेल्या. या दोघींशी मात्र बोलावं लागेल.

आधी त्या मुंडक्याचं मिटवू. तुझ्या घरी आहे तो कॅट 1909 चा, ए. ई. वेट यांनी कल्पना दिली आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकार बाईने काढला. पहिल्या बाईंकडे होता तो थॉथ, अ‍ॅलिस्टर क्राउलीच्या कल्पनेवरून लेडी फ्रिडा हॅरिस यांनी रंगवलेला. त्यातली राणी एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात दाढीवाल्या पुरुषाचं मस्तक धरून ढगांवर बसते. तिथे तो मुखवटे उतरवण्याचा भाग आहे, विचार भावनेपासून वेगळा करण्याचा. पण प्रेमाबद्दल विचारायला गेलेल्या मुलीसमोर ते पान अचानक आलं तर ती मुखवट्याचा विचार करेल का? चित्र वेगळं असलं की तेच पान वेगळं बोलतं. दोन कॅटमधल्या राण्या एकाच नावाच्या आहेत म्हणून त्यांचं म्हणणं सरळ एकात एक मिळवायचं नसतं.

आता तुझ्या घरची राणी समोर ठेव आणि पत्र वाचता वाचता बघ. ती एका बाजूला तोंड करून बसली आहे, आपल्याकडे बघत नाही. उजव्या हातातली तलवार सरळ उभी, मूठ सिंहासनाच्या हातावर टेकलेली. म्हणजे तिने ती उगारलेली नाही, धरून ठेवली आहे. डावा हात पुढे केलेला, मोकळा. मुकुटावर फुलपाखरं, सिंहासनावरही फुलपाखरं आणि एक पंखवालं पोराचं डोकं. अंगरख्यावर ढग, खाली क्षितिजाशी ढग, पण तिचं डोकं ढगांच्या वर, मोकळ्या आभाळात. वर एकच पक्षी. वेट यांनी तिच्याबद्दल लिहिताना दुःख ओळखीचं असलेला चेहरा म्हटलं आहे आणि अर्थांच्या यादीत वैधव्य, विरह, ताटातूट असे शब्द दिले आहेत. उलटं पडलं तर कपट आणि दुष्टावा. 'दुसरी बाई' सरळ पानाच्या त्या यादीत नाही. ती साध्या पत्त्यांवरून भविष्य सांगणाऱ्यांच्या बोलण्यातून आली असावी, असं मला वाटतं. काळ्या राणीला बिचारीला कधीच कुणी बरं म्हटलेलं नाही.

मीही म्हटलं नव्हतं. या कामाला लागून मला दोनच वर्षं झाली होती. एका बाईंना मी याच पानावरून छातीठोकपणे 'तुमच्या मिस्टरांच्या आयुष्यात बाई आहे' असं सांगून मोकळी झाले. होती, बाई होती. त्यांची विधवा थोरली बहीण. गावच्या घराच्या वाटणीचं प्रकरण होतं, रात्री अकराला फोन यायचे आणि बायकोला त्रास नको म्हणून ते गॅलरीत जाऊन बोलायचे. वैधव्य, ताटातूट, सगळं पानात होतं. 'सवत' तेवढी मी माझ्या पदरची घातली होती. त्या घरात पुढचे दोन महिने काय झालं ते मला नंतर कळलं. तेव्हापासून मी राणी-राजा-शिलेदारांच्या सोळा पानांवरून कुणाही तिसऱ्या माणसाचं नाव घेत नाही. समोरचीने स्वतः घेतलं तरच त्यावर बोलते.

बायको का आई, हे विचारताना तू गृहीत धरलंस की राणी म्हणजे कुणीतरी बाई. जुन्या लोकांनी माणूस ओळखायचे नियम केले होते, तेही गमतीचे आहेत. वेट यांच्या नियमाप्रमाणे राणी म्हणजे चाळिशीपुढची स्त्री. रंगरूपावरून गट ठरायचा, त्यात गडद तपकिरी केस आणि घारे किंवा करडे डोळे म्हणजे सोर्ड्स, आणि काळे केस, काळे डोळे, सावळा रंग म्हणजे पेंटॅकल्स. या हिशोबाने सगळा महाराष्ट्र पेंटॅकल्समध्ये जाऊन बसतो. म्हणून आज बहुतेक जण चेहरा सोडून देतात आणि पान कुठल्या जागेवर बसलं ते बघतात. मी तर आधी जागा विचारते, मग पान.

पहिल्या बाईंकडे ती दुसऱ्या जागेवर आली. केल्टिक क्रॉसमध्ये हे पान पहिल्यावर आडवं ठेवतात. जे मध्ये येतं, अडतं, ते तिथे वाचायचं. आडवं असल्यामुळे तिथे सरळ-उलटं बघत नाहीत. बाईंनी 'आड येणारं पान' आणि 'राणी' यांची बेरीज करून 'आड येणारी बाई' केली. पण अडायला माणूसच लागतो असं कुठे आहे? एखादा न बोललेला शब्द अडतो, न विचारलेला प्रश्न अडतो. सोर्ड्स हा गटच मुळी विचारांचा आणि शब्दांचा. घरात बाई शिरली असा अर्थ काढायचा, तर मी आधी आठव्या जागेकडे बघते. ती घराची, आजूबाजूच्या माणसांची जागा. तुझ्या चारही मोठ्या रीडिंगमध्ये आठव्या जागेवर राणी सोडाच, दरबारातलं एकही पान आलेलं नाही.

दुसऱ्या बाईंकडे ती सातव्या जागेवर आली. सातवी जागा विचारणाऱ्याची. तू स्वतः, या प्रकरणात कशी उभी आहेस ते. दुसऱ्या बाईंनी 'स्वतःकडे बघ' म्हटलं ते अध्यात्म नव्हतं, पान जिथे होतं तिथलंच त्यांनी वाचलं. त्यांनी दोन वाक्यं जास्त बोलायला हवी होती, एवढीच माझी तक्रार.

म्हणून एकीकडे 'अडतंय काय?' या जागेवर ती, आणि दुसरीकडे 'तू कोण?' या जागेवरही तीच. मी हे असं वाचते: सरळ बोलू शकणारी, सरळ विचारू शकणारी बाई तूच आहेस, आणि ती तुझी तुलाच आडवी पडून आहे. हे वाचन चुकीचं असू शकतं, पानं काही कोर्टाचा निकाल नव्हेत. पण त्याला वहीतच आणखी एक आधार आहे. अकरा रीडिंगचे तुझे प्रश्न मी एकाखाली एक लिहून काढले. 'त्याला माझ्याबद्दल काय वाटतं?' चार वेळा. 'तो काही लपवतोय का?' पाच वेळा. 'तिच्याकडे परत जाईल का?' दोन वेळा. अकराच्या अकरा प्रश्न त्याच्या मनाबद्दल, आणि अकराही वेळा ते त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारलेले. पानांना, दोन बाईंना, शेवटी फोनला.

केस कुठल्या कोर्टात आहे, हे तुला माहीत आहे का? पत्रात नाही, वहीतही नाही. अर्ज दोघांच्या संमतीने आहे की भांडून? पुढची तारीख कधी? हिंदू विवाह कायद्यातल्या संमतीच्या घटस्फोटाला अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहावं लागतं, आणि अर्जानंतर साधारण सहा महिने थांबून कोर्ट पुन्हा दोघांना विचारतं. ते सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटलं आहे. भांडून चाललेली केस वर्षानुवर्षं जाते. म्हणजे दीड वर्षात निकाल लागला नाही एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही आणि खराही ठरत नाही. 78 पानांतलं एकही पान तुला केस नंबर सांगणार नाही. त्याच्याकडे तो असेल तर अर्ध्या मिनिटात सांगेल, आणि केसच नसेल तर ते त्याच्या चेहऱ्यावर कुठल्याही पानापेक्षा स्वच्छ दिसेल.

विचारताना त्या राणीसारखी बस. तलवार धरलेली पण टेकवलेली, दुसरा हात मोकळा. 'केस कुठे आहे, नंबर काय, पुढची तारीख कधी, मला कागद बघायचे आहेत.' एवढंच. फोन बघितलास तेही त्याच बैठकीत सांगून टाक, नाहीतर पुढच्या रीडिंगमध्ये 'लपवतंय कोण' याचं उत्तर तुझ्यावरच येईल.

नातं सोडू का, हे मी सांगणार नाही. उत्तर येण्याआधीच निकाल द्यायला मी काही पहिल्या बाईंची जागा घेत नाही.

तोवर या नात्यावर रीडिंग बंद. बाहेर काहीतरी बदललं, म्हणजे कागद दिसले, तारीख कळली, भांडण झालं, तरच प्रश्न नवा होतो. तोच प्रश्न तीन दिवसांनी परत विचारला की पानं काही नवं सांगत नाहीत, तूच पहिलं उत्तर नाकारत असतेस.

आणि मग कॅट हातात घेशील तेव्हा राणीची वाट बघत बसू नकोस. आधीच तिला कॅटमधून काढ आणि सरळ समोर ठेव. बाकीची 77 चादरीवर कालव, गोळा कर, तीन पानं काढ. एक तिच्या उजवीकडे, म्हणजे तुझ्या उजव्या हाताला, कारण ती तिकडे बघते आहे; ती काय बघते आहे ते तिथे वाच. एक डावीकडे, तिच्या पाठीशी. जे मागे टाकूनही संपलेलं नाही ते. एक तिच्या खाली. तिने तोंडाने काय बोलायचं ते. पान मुद्दाम समोर ठेवलं की 'परत आली' म्हणून दचकायचा प्रश्नच उरत नाही, आणि तुला तिच्याकडे दहा मिनिटं शांत बघता येतं.

पुढच्या पत्रात मला त्या नाणी धरून बसलेल्या माणसाबद्दल लिही. तिन्ही वेळा तो पहिल्या जागेवर आला आहे, आणि ती तीनही रीडिंग तू रात्री साडेअकरानंतर केलेली आहेत, त्याचा 'गुड नाइट' न आलेल्या दिवशी.